कोरड्या तोंडात दात हिरडीजवळून का किडतात, आणि रात्रीचं फ्लोराईड कसं लावायचं

शोग्रेनच्या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच लाळग्रंथींवर आणि अश्रुग्रंथींवर उलटते. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने १९३३ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव. रुग्णांत बायकांचं प्रमाण पुरुषांच्या कितीतरी पट, आणि वय बहुधा चाळिशी-पन्नाशीचं. कुणाला तो एकटाच होतो, कुणाला आमवात किंवा ल्युपससोबत. डोळ्यांत खडे टोचल्यासारखं होतं, पाण्याच्या घोटाशिवाय भाकरी घशाखाली उतरत नाही. इथवर बहुतेकांना माहीत असतं. पण आयुष्यभर धड राहिलेले दात दोन-तीन वर्षांत एकामागून एक का तुटू लागतात, आणि दिवसभर तोंड ओलं ठेवूनही ते का थांबत नाही, हे सहसा कुणी बसून सांगत नाही. या लेखात तेवढंच पाहू.

लाळ म्हणजे नुसता ओलावा नव्हे. आपण काही गोड खाल्लं की दातावरच्या थरातले जंतू त्या साखरेचं आम्ल करतात. आम्लता दाखवणारा पीएच हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त, आणि तो साधारण ५.५च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कठीण आवरणातून, म्हणजे इनॅमलमधून, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडू लागतं. निरोगी तोंडात लाळ ते आम्ल धुऊन नेते, तिच्यातलं बायकार्बोनेट उरलेलं आम्ल मारतं, आणि अर्ध्या-पाऊण तासात पीएच पुन्हा वर येतो. मग लाळेतलंच कॅल्शियम-फॉस्फेट दातात परत बसतं. ही झीज आणि भरपाई दिवसभर चालू असते. शोग्रेनमध्ये झीज तशीच राहते आणि भरपाई करणारी लाळच नसते.

लाळ किती कमी आहे हे मोजता येतं, आणि पद्धत अगदी साधी आहे. खाणं-पिणं, ब्रश, तंबाखू यांतलं काही निदान तासभर आधी करायचं नाही. खुर्चीत ताठ बसून मान थोडी खाली घालायची, तोंडात असेल तेवढं एकदा गिळायचं आणि मग पंधरा मिनिटं न बोलता, न चघळता, जी लाळ आपोआप साठेल ती छोट्या कपात सोडत राहायची. शेवटी ती बिनसुईच्या सिरिंजमध्ये ओढून मिलिलिटर वाचायचे. पंधरा मिनिटांत दीड मिली किंवा त्याहून कमी, म्हणजे मिनिटाला ०.१ मिली, ही शोग्रेनच्या निदानात धरली जाणारी मर्यादा आहे. निरोगी माणसात विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ०.३ मिलीच्या आसपास लाळ येते. घरी मोजलेल्या आकड्यावरून निदान होत नाही. त्यासाठी रक्तातली अँटी-एसएसए चाचणी, डोळ्यांची तपासणी आणि कधी खालच्या ओठातल्या बारीक लाळग्रंथींची बायोप्सी लागते. पण ‘तोंड कोरडं वाटतं’ असं मोघम सांगण्यापेक्षा ‘पंधरा मिनिटांत एक मिली’ असं सांगितलं तर डॉक्टरांना जास्त कळतं.

आता ही कीड दिसते कुठे, ते पाहा. एरवी कीड दाढांच्या खाचांत आणि दोन दातांच्या फटीत लागते. लाळ आटलेल्या तोंडात ती हिरडीच्या काठाला लागते, उघड्या पडलेल्या मुळावर लागते, सुळ्यांच्या टोकांवर आणि पुढच्या दातांच्या धारेवर लागते. आधी बसवलेल्या कॅपच्या कडेखालीही शिरते. सर्वांत बोलकी खूण म्हणजे खालचे पुढचे चार दात. जिभेखालच्या ग्रंथींची लाळ तिथंच साठते, म्हणून हे दात सहसा शेवटपर्यंत टिकतात. तेच हिरडीलगत किडायला लागले तर लाळेचा विचार करायलाच हवा.

मूळ हे इनॅमलपेक्षा मऊ. ते ६.२ ते ६.७ पीएचलाच विरघळायला लागतं, म्हणजे इनॅमलला अजून काही होत नाही एवढ्या सौम्य आम्लातसुद्धा. शिवाय मुळावरची कीड खोल जाण्याआधी आडवी पसरते. झाडाचा बुंधा कुऱ्हाडीने गोल कापत न्यावा तशी ती दाताभोवती फिरते. दुखत फारसं नाही, आणि एक दिवस जेवताना अख्खा दात हिरडीजवळून मोडून हातात येतो.

हे घरी आधी ओळखता येतं. आरशासमोर उजेडात ओठ बोटाने खाली ओढायचा, स्वच्छ सुती कापडाने दात पुसून कोरडे करायचे आणि हिरडीच्या काठाकडे पाहायचं. खडूसारखी पांढरी, चमक गेलेली रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात आहे. या टप्प्यावर ती फ्लोराईडने थांबवता येते, कधी परतही फिरते. रेघ पिवळट-तपकिरी होऊन तिथला भाग मऊ पडला असेल तर दंतवैद्याकडे जायला उशीर करू नये. टाचणी-सुईने टोचून मात्र पाहू नये, पांढऱ्या डागावरचा पातळ थर त्याने फुटतो.

उदाहरणासाठी तासगावकडच्या एक काकू धरू. वय त्रेपन्न, आमवाताची औषधं चालू, तोंडाला दोन वर्षांपासून कोरड. त्यांचा दिवस ओळखीचा वाटेल. सकाळी सहाला साखरेचा चहा. आठला पोहे आणि पुन्हा चहा. घरात बेदाण्याला तोटा नाही, तोंड ओलं राहतं म्हणून दहाच्या सुमारास मूठभर बेदाणे एकेक करून चघळायचे. बाराला लिंबू सरबत. जेवण. तीनला चहा. दुपारी कुणी आवळा सुपारी दिली ती गालात. सहाला चहा-भडंग. रात्री जेवण. आणि झोपेत कोरड पडून जाग येते म्हणून उशाशी खडीसाखरेची डबी.

मोजून पाहा. दिवसात निदान दहा वेळा साखर किंवा आम्ल तोंडात जातं. निरोगी तोंडात दर वेळी दात अर्धा-पाऊण तास आम्लात राहिले असते. काकूंच्या तोंडात ते धुऊन न्यायला लाळ नाही, त्यामुळे तोच काळ तासावर जातो. सकाळी सहा ते रात्री दहा या सोळा तासांत दातांना सावरायला जवळपास वेळच मिळत नाही. उरलेल्या आठ तासांत, जेव्हा लाळ सर्वांचीच सर्वांत कमी असते, तोंडात खडीसाखर. इथं चूक आळसाची नाही. काकू कोरडीवर उपाय करताहेत, पण बेदाणे, लिंबू, आवळा सुपारी आणि खडीसाखर या चारही उपायांनी जिभेला बरं वाटतं आणि दात जातात. लिंबाने तोंडाला पाणी सुटतं हे खरं. पण ज्या ग्रंथींतून पाणी सुटायचं त्या निकामी होत आल्या असतील तर मागे फक्त सायट्रिक आम्ल उरतं.

म्हणून काकूंना पहिला बदल बेदाणे बंद करण्याचा सुचवायचा नाही. वेळ बदलायची. बेदाणे, पेढा, जे काही गोड असेल ते जेवणाबरोबर, एका बैठकीत. मधल्या वेळेत साधं पाणी, घोटाघोटाने. चहा बिनसाखरेचा जमला तर उत्तम. नाहीच जमला तर दहा मिनिटांत संपवायचा, कप शेजारी ठेवून तासभर घोट घेत बसायचं नाही. गूळ हाही साखरच, जंतूंना त्यात फरक नाही. चघळायला काही हवंच असेल तर झायलिटॉलची बिनसाखरेची चुइंगगम किंवा गोळी घ्यावी. झायलिटॉलपासून दातावरच्या जंतूंना आम्ल करता येत नाही आणि चघळण्याने उरल्यासुरल्या ग्रंथी जाग्या होतात. जास्त खाल्लं तर पोट बिघडतं, आणि घरात कुत्रं असेल तर पाकीट त्याच्या हाती लागू देऊ नये, कुत्र्याला झायलिटॉल विषारी आहे.

आम्लाचं काही खाण्यात आलंच तर लगेच ब्रश करायचा नाही. एक पेलाभर पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा टाकून चूळ भरायची आणि थुंकायची. लाळेतलं बायकार्बोनेट जे काम करतं तेच हे, फक्त वरून घातलेलं. धुण्याचा सोडा ही वेगळी वस्तू आहे, ती चुकून वापरू नये.

आता कृत्रिम लाळ. औषधाच्या दुकानात ती फवारा, पातळ द्रव किंवा जेल अशा रूपात मिळते. तिच्यात बहुधा कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा झँथन गमसारखा बुळबुळीतपणा आणणारा पदार्थ असतो, जोडीला ग्लिसरीन आणि थोडे क्षार. तिचं काम वंगणाचं आहे. दिवसा बोलण्याआधी, कोरडा घास घेण्याआधी दोन-तीन फवारे गालांच्या आत आणि जिभेखाली मारायचे, जिभेने सगळीकडे पसरवायचे. आराम थोडाच वेळ टिकतो, त्यामुळे बाटली पिशवीत असावी लागते. रात्री जेल जास्त टिकतं. वाटाण्याएवढं बोटावर घेऊन हिरड्या, टाळू आणि जिभेवर चोळायचं. काकूंच्या खडीसाखरेच्या डबीची जागा या जेलने घ्यायची.

विकत घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. साखर नसावी, हे झालंच. दुसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: काही फवाऱ्यांत आणि ‘लाळ सुटण्यासाठी’च्या गोळ्यांत चवीला सायट्रिक किंवा मॅलिक आम्ल घातलेलं असतं. ज्याला स्वतःचे दात आहेत त्याने ते टाळावं, पीएच तटस्थ असलेलंच घ्यावं. आणि चांगल्यातली चांगली कृत्रिम लाळसुद्धा दात वाचवेल अशी अपेक्षा ठेवू नये. ती आम्ल मारत नाही म्हटलं तरी चालेल, आणि खऱ्या लाळेसारखी सतत झिरपत तर नाहीच. तोंड ओलं वाटतंय म्हणजे दात सुरक्षित, हा या आजारातला सर्वांत महाग पडणारा गैरसमज आहे.

दात वाचवण्याचं काम फ्लोराईडचं. दाताच्या पृष्ठभागाशी थोडं फ्लोराईड हजर असेल तर आम्लाच्या हल्ल्यात विरघळणं मंदावतं, आणि नंतर कॅल्शियम-फॉस्फेट परत बसताना जो स्फटिक तयार होतो तो आधीपेक्षा चिवट असतो. ते थोड्या प्रमाणात पण रोज, सतत हजर असावं लागतं. वर्षातून एकदा दवाखान्यात लावून भागत नाही. कोरड्या तोंडाची एकच जमेची बाजू इथं आहे. लाळ धुऊन नेत नसल्याने लावलेलं फ्लोराईड दातावर जास्त वेळ राहतं, अर्थात आपणच ते धुऊन टाकलं नाही तर.

आधी घरातली ट्यूब तपासा. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या फ्लोराईड टूथपेस्टमध्ये जास्तीत जास्त १००० पीपीएम फ्लोराईड असतं, म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम. घटकांच्या यादीत सोडियम फ्लोराईड किंवा सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट असं नाव दिसलं पाहिजे. बऱ्याच आयुर्वेदिक पेस्ट, मंजनं आणि मीठवाल्या पेस्टमध्ये ते नसतं. मिश्रीत तर नाहीच, उलट ती तंबाखू असल्याने तोंडाची उरलेली त्वचाही बिघडवते.

कोरड्या तोंडाच्या बायका फ्लोराईड पेस्ट सोडून मंजनाकडे किंवा मिश्रीकडे वळतात याचं एक खरं कारण आहे. पेस्टने तोंड भाजतं. ही आग फ्लोराईडची नसते. फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट आणि कडक पुदिना सुकलेल्या त्वचेला झोंबतो. तेव्हा फ्लोराईड ठेवून बिनफेसाची, सौम्य चवीची पेस्ट शोधावी. लहान मुलांच्या चवीची पेस्ट घेतली तर तिच्यावरचा फ्लोराईडचा आकडा वाचावा, मुलांच्या काही पेस्टमध्ये तो निम्माच असतो.

लाळ इतकी कमी असेल, आणि विशेषतः मुळं उघडी पडून किडायला लागली असतील, तर १००० पीपीएम पुरत नाही. तेव्हा दंतवैद्य ५००० पीपीएमची पेस्ट किंवा जेल लिहून देतात. त्यावर १.१ टक्के सोडियम फ्लोराईड असं लिहिलेलं असतं. प्रत्येक दुकानात ती नसते, मागवावी लागते. ती साध्या पेस्टच्या वर लावायची नाही, रात्रीच्या पेस्टऐवजी वापरायची.

काकूंची रात्र अशी बसवता येईल. जेवणानंतर काही खायचं नाही. झोपण्याच्या पाऊण तास आधी दातांच्या फटी दोऱ्याने किंवा फटीत जाणाऱ्या बारीक ब्रशने साफ करायच्या. बोटं आमवाताने आखडत असतील तर दोऱ्यापेक्षा ब्रश सोपा, आणि ब्रशच्या दांड्याला सुती पट्टी गुंडाळून जाड केली की पकड बसते. मग मऊ ब्रश नुसता ओला करून त्यावर ५००० पीपीएम पेस्टची पातळ पट्टी घ्यायची आणि दोन मिनिटं ब्रश करायचा, हिरडीच्या काठाला ब्रश तिरपा धरून. नंतर थुंकायचं, पण चूळ भरायची नाही. सगळी गोम या पायरीत आहे. आपल्याला खळखळून चूळ भरायची सवय, आणि त्या चुळीबरोबर विकत घेतलेलं फ्लोराईड बेसिनमध्ये जातं. तोंड अगदीच चिकट वाटलं तर चमचाभर पाणी फिरवून थुंकावं, त्याहून जास्त नको. अर्धा तास पाणीसुद्धा नाही. त्यानंतर वाटाण्याएवढं लाळेचं जेल लावून झोपायचं. जेल आधी लावलं तर त्याच्या थरामुळे फ्लोराईड दातापर्यंत नीट पोहोचत नाही.

सकाळी साधी १००० पीपीएमची पेस्ट, याच पद्धतीने. फ्लोराईडची गुळणी वापरायची असेल तर ०.०५ टक्के सोडियम फ्लोराईडची, बिनअल्कोहोलची घ्यावी आणि ती ब्रशच्या पाठोपाठ नको. तिच्यात फ्लोराईड साधारण २२५ पीपीएमच असतं, त्यामुळे ब्रशनंतर लगेच गुळणी केली तर दातावरचं दाट फ्लोराईड धुऊन जाऊन पातळ उरतं. दुपारच्या जेवणानंतर दहा मिली एक मिनिट तोंडात खेळवून थुंकावी.

एवढं करूनही नवे डाग येत असतील तर पुढची पायरी ट्रेची. दंतवैद्य दातांचं माप घेऊन मऊ प्लॅस्टिकचे दोन पातळ ट्रे करतात. त्यात १.१ टक्के जेलची बारीक रेघ सोडून पाच मिनिटं तोंडात बसवायचे, मग काढून थुंकायचं. ट्रे काठोकाठ भरला तर जेल हिरडीवर सांडतं आणि पोटात जातं. जेल तटस्थच मागावं. दवाखान्यात वापरलं जाणारं आम्लयुक्त फ्लोराईड जेल कोरड्या तोंडाला झोंबतं आणि सिरॅमिकच्या कॅपची चकाकी घालवतं.

शिवाय दर तीन महिन्यांनी दवाखान्यात ५ टक्के सोडियम फ्लोराईडचं वार्निश लावून घ्यावं. हा पिवळसर चिकट लेप दोन-तीन मिनिटांत लागतो. त्या दिवशी कडक चहा, भडंग, शेंगदाणे टाळायचे आणि ब्रश दुसऱ्या दिवशी सकाळी. काही वार्निशमध्ये राळ असते, तिची ॲलर्जी असेल तर आधी सांगावं. सांगलीत आणि कराडला दंत महाविद्यालयं आहेत, ट्रे आणि वार्निशची तिथं जरूर चौकशी करावी.

‘फ्लोराईडने दात पिवळे होतात, हाडं वाकतात’ ही भीती आपल्या भागात ऐकू येते. ती बोअरच्या पाण्यातून वर्षानुवर्षं पोटात जाणाऱ्या फ्लोराईडबद्दल आहे, आणि दातांवरचे डाग तर दात हिरडीत घडत असताना, म्हणजे लहानपणीच पडतात. त्रेपन्न वर्षांच्या बाईने दातावर लावून थुंकलेल्या पेस्टचा त्याच्याशी संबंध नाही. पण ५००० पीपीएमच्या ट्यूबमध्ये ग्रॅमला पाच मिलिग्रॅम फ्लोराईड असतं, त्यामुळे ती नातवंडांच्या हाती लागणार नाही अशी वर ठेवावी.

फ्लोराईडची मर्यादाही आहे. दात भरून काढायला कॅल्शियम-फॉस्फेट लागतं आणि ते लाळेतून यायचं असतं. लाळ जवळजवळ शून्यावर असेल तर दंतवैद्य दुधातल्या केसीनपासून केलेली कॅल्शियम-फॉस्फेटची क्रीम जोडीला देतात. दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ती घेऊ नये. आणि खड्डा पडल्यावर कुठलीच पेस्ट तो भरत नाही.

ग्रंथीत थोडा जीव असेल तर पिलोकार्पिनच्या गोळ्यांनी लाळ वाढते. साधारण ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीन-चार वेळा, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. घाम खूप येतो. आटोक्यात नसलेला दमा किंवा काचबिंदूचा एक प्रकार असेल तर त्या चालत नाहीत. उलट ॲमिट्रिप्टिलिन आणि सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्या लाळ आणखी आटवतात, म्हणून घेत असलेल्या सगळ्या औषधांची चिठ्ठी दंतवैद्य आणि आमवाताचे डॉक्टर, दोघांनाही दाखवावी.

दोन गोष्टी मात्र पेस्ट-जेलच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. जीभ लालबुंद होऊन आग होते, ओठांचे कोपरे फुटतात, तेव्हा बहुधा बुरशी असते. तिचं चघळायचं किंवा तोंडात धरायचं औषध बऱ्याचदा साखरेचं असतं, म्हणून ते लिहून घेताना तोंड कोरडं आहे हे सांगावं. आणि कानाखालची ग्रंथी एका बाजूला सुजून आठवड्यांमागून आठवडे तशीच टणक राहिली, तर ती दाताची सूज समजून थांबू नये. शोग्रेनमध्ये लाळग्रंथीत लिम्फोमा हा कर्करोग होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, तेव्हा आमवाताच्या डॉक्टरांनाच गाठावं.